पार्सल कुठवर आलं? ट्रॅकिंगच्या लिंकबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं घरगुती मसाल्याचं काम परभणीत चालतं. येसर, काळा मसाला, जवसाची नि कारळाची चटणी. पार्सल आम्ही स्पीड पोस्टनं पाठवतो, कारण आमची निम्मी गिऱ्हाइकं अशा गावांत आहेत जिथं कुरिअरवाला ‘तालुक्याला येऊन घेऊन जा’ म्हणतो. बुकिंग झालं की पावतीचा फोटो, नंबर आणि लिंक मी व्हॉट्सॲपवर टाकते, आणि तिथून फोन सुरू होतात. “ताई, बॅग्ड म्हणजे काय वं?” “माझं पार्सल उलटं कामून चाललंय?” रोज तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवलेलं बरं, म्हणून हे पान.

तुम्ही नेमका काय मेसेज पाठवता?

असा:

> नमस्कार काकू. तुमचं पार्सल आज दुपारी परभणीच्या पोस्टात दिलं. नंबर EM123456785IN. लिंक www.indiapost.gov.in. तिथं ट्रॅकिंगच्या चौकोनात हा नंबर टाका. Item Booked म्हणजे पोस्टानं ताब्यात घेतलं. Bagged म्हणजे थैलीत पडलं. Dispatched म्हणजे थैली निघाली. Received म्हणजे पुढच्या ऑफिसात उतरलं. Out for Delivery दिसेल त्या दिवशी घरी कुणीतरी थांबा. मधे एक-दोन दिवस काहीच बदललं नाही तर घाबरू नका. पाच-सहा दिवसांत नाही आलं तर मला फोन करा, पावती माझ्याकडं आहे.

वरचा नंबर नमुन्याचा आहे, तो टाकून बघू नका. मेसेज सगळ्यांना पुरत नाही हे मला कळलंय. खाली त्यातलं एकेक उलगडून सांगते.

नंबर टाकला तर ‘नोंद सापडली नाही’ येतं. पार्सल हरवलं का?

हरवलं असतं तर जिथवर गेलं तिथवरची नोंद दिसली असती. नोंदच नाही याचा अर्थ बहुतेक वेळा नंबर चुकला. स्पीड पोस्टचा नंबर १३ खुणांचा असतो: सुरुवातीला दोन अक्षरं, मधे नऊ आकडे, शेवटी IN. मधे जागा सोडायची नाही. शून्याच्या जागी O हे अक्षर टाकणारे रोज भेटतात. नऊ आकड्यांत अक्षर नसतंच, एवढं ध्यानात ठेवा. सगळ्यात सोपं म्हणजे हातानं टाकूच नका, मेसेजवर बोट दाबून कॉपी करा.

या नंबरात एक गंमत आहे. नऊ आकड्यांतला शेवटचा आकडा आधीच्या आठांवरून हिशेबानं येतो. आठ आकड्यांना ओळीनं ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ यांनी गुणायचं, बेरीज करायची, ११ नं भागायचं आणि उरलेली बाकी ११ मधून वजा करायची. नमुन्याच्या नंबरात १२३४५६७८ आहेत. त्यांच्या गुणाकारांची बेरीज येते २०४, बाकी ६, आणि ११ मधून ६ गेले ५. म्हणून शेवटी ५. उत्तर १० आलं तर ० लिहितात, ११ आलं तर ५. हा हिशेब तुम्ही करत बसावं असं मी म्हणत नाही. पण त्याचा फायदा असा, की शेजारशेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले तर बहुतेक वेळा हिशेब जुळत नाही आणि तो नंबर कुणाचाच नसतो. त्यामुळं चुकून दुसऱ्या कुणाचं पार्सल तुम्हाला दिसतंय असं सहसा होत नाही. पिन कोडला अशी काही राखण नाही. त्याचा फटका आम्हाला कसा बसला ते पुढं येईल.

नंबर बरोबर असूनही काही दिसत नसेल तर संध्याकाळपर्यंत थांबा. दुपारी दिलेल्या पार्सलची नोंद दिसायला कधी कधी काही तास जातात.

`Item Booked` दिसतंय. म्हणजे निघालं का?

नाही. पोस्टानं वजन केलं, पैसे घेतले, पावती दिली, एवढंच. पार्सल अजून परभणीच्या पोस्टातच, काउंटरच्या मागं आहे. पण माझी जबाबदारी इथं पोस्टाकडं गेली, म्हणून ही ओळ मी महत्त्वाची मानते.

खासगी कुरिअरच्या ट्रॅकिंगमध्ये बुकिंगच्या आधीचीही एक ओळ असते. तिथं `Manifested` किंवा `Shipment Created` असं लिहून येतं. त्याचा अर्थ विकणाऱ्यानं संगणकावर लेबल काढलं. सामान त्याच्या दुकानात असू शकतं, नव्हे बहुधा असतंच. चार दिवस तेच दिसत असेल तर कुरिअरला बोल लावू नका, विकणाऱ्याला विचारा. आमच्याकडं ही सोय नाही. पावती हातात पडल्याशिवाय मी नंबर पाठवूच शकत नाही.

पावतीवरून आठवलं. ‘अर्धा किलोचं पाकीट का नाही, ४५० ग्रॅमचंच का’ हाही नेहमीचा प्रश्न आहे. वजन ५०० ग्रॅमच्या पुढं गेलं की स्पीड पोस्टचा दर वाढतो. मसाला ५०० ग्रॅम भरला की पाकीट, खोकं, चिकटपट्टी धरून काटा ५०० च्या पुढं जातो आणि पुढच्या टप्प्याचे पैसे लागतात. ४५० त बरोबर बसतं. तुमचे पैसे मसाल्याला लागावेत, पुठ्ठ्याला नाही.

`Item Bagged` आणि `Item Dispatched` यांत फरक काय? आणि त्यानंतर सगळं गप्प का होतं?

हा एक प्रश्न समजला की बाकीचं ट्रॅकिंग आपोआप समजतं, म्हणून जरा सावकाश सांगते.

तुमचं पार्सल एकटं प्रवास करत नाही. दिवसभर काउंटरवर जे जे जमा होतं ते संध्याकाळी दिशेनुसार वेगळं करतात आणि एकेका थैलीत भरतात. प्रत्येक पार्सलचा बारकोड थैलीत टाकताना वाचला जातो. तीच `Item Bagged` ही ओळ. मग थैलीचं तोंड बांधून सील लावतात आणि तिला तिचं स्वतःचं लेबल, स्वतःचा बारकोड मिळतो. थैली गाडीत चढली की `Item Dispatched`.

इथून पुढं वाटेत जे कुणी हाताळतं ते थैली हाताळतं. तुमचा डबा आत आहे हे त्यांना दिसत नाही आणि बघायचीही गरज नसते. थैली रेल्वेनं गेली, एखाद्या स्टेशनवर चार तास पडून राहिली, दुसऱ्या गाडीत चढली, तरी तुमच्या नंबरापुढं नवी ओळ येईलच असं नाही. ज्या ऑफिसच्या नावानं थैली बांधली तिथं ती उघडते, आतली पार्सलं एकेक करून वाचली जातात, आणि मग `Item Received` दिसतं. लग्नाच्या वऱ्हाडाच्या गाडीसारखं आहे हे. गाडी कुठवर आली ते ड्रायव्हर सांगेल, पण आत मामा आहेत का नाहीत ते दारात उतरल्यावरच कळतं.

म्हणून `Dispatched` नंतरची शांतता मी चिंतेची धरत नाही. मधे रविवार आला तर तीन दिवसही जातात. मला खटकते ती दुसरी शांतता. मधल्या एखाद्या ऑफिसात `Item Received` झालं आणि त्यानंतर तीन दिवस पुढचं `Bagged` येत नाही, म्हणजे पार्सल थैलीबाहेर आहे आणि कुणीतरी ते पुढच्या थैलीत टाकायचं राहिलंय. अशा वेळी तुम्ही फोन करायची वाट न बघता मीच चौकशी लावते.

अजून एक. ओळीपुढची वेळ ही बारकोड वाचल्याची वेळ असते, गाडी पोहोचल्याची नव्हे. थैली रात्री दोनला उतरली आणि सकाळी सहाला उघडली तर तुम्हाला सहाच दिसणार.

नावापुढं ही NSH, ICH, RMS अशी अक्षरं कशाची?

ही पोस्टाच्या ऑफिसांची जात सांगतात. NSH म्हणजे नॅशनल सॉर्टिंग हब, परराज्यातलं नि लांबचं टपाल छाटणारं मोठं केंद्र. ICH म्हणजे इंट्रा सर्कल हब, राज्यातल्या राज्यातलं टपाल छाटणारं. RMS हे रेल्वे मेल सर्व्हिसचं जुनं नाव, अजून चालू आहे. TMO ला थैल्या एका गाडीतून दुसऱ्या गाडीत जातात. यांतल्या कुठल्याच ठिकाणी तुम्हाला पार्सल मिळणार नाही, तिथं जाऊन विचारण्यात अर्थ नसतो.

तुमच्या कामाची अक्षरं तीन: HO जिल्ह्याचं मुख्य ऑफिस, SO तालुक्याचं किंवा मोठ्या गावाचं सब ऑफिस, BO खेड्यातलं ब्रांच ऑफिस. तुमच्या पिन कोडचं HO किंवा SO ओळीत आलं की पार्सल दारापासून एका मुक्कामावर आलं.

मी जिंतूरला राहते. परभणीहून तासाभराचा रस्ता, तरी पार्सल भलतीकडंच गेलेलं दिसतं. असं का?

पोस्टाचा रस्ता एसटीसारखा थेट नसतो. गावोगावचं टपाल आधी छाटणीच्या केंद्रावर एकत्र येतं आणि तिथून पुन्हा वाटलं जातं. त्यामुळं जवळच्या गावाचं पार्सल आधी लांब जाऊन मग परत येऊ शकतं. नकाशावर ते वेडेपणाचं दिसतं, पण शंभर गावांहून शंभर गावांना वेगवेगळ्या थैल्या बांधण्यापेक्षा ते स्वस्त नि लवकर पडतं. माझा अनुभव असा, की मराठवाड्यात दोन-तीन दिवस आणि पुण्या-मुंबईला तीन-चार दिवस धरून चालावं. जवळ आहे म्हणून दुसऱ्याच दिवशी मिळेल असं मी कुणाला सांगत नाही.

उलटं जाणं आणि चुकीच्या गावी जाणं यांत मात्र फरक आहे. भलत्या गावापुढं NSH, ICH, RMS असेल तर ते छाटणीला गेलंय. भलत्या गावाच्या पुढं SO असेल तर मला लगेच कळवा. त्याचा किस्सा आता सांगते.

पार्सल चुकीच्या गावी गेल्याचं कधी झालंय का?

झालंय, आणि चूक पोस्टाची नव्हती.

पुण्यातल्या एका दादांनी उदगीरला त्यांच्या आईसाठी येसर आणि कारळाची चटणी मागवली. पत्ता व्हॉट्सॲपवर आला. नाव, गल्ली, मारुतीच्या देवळामागं, उदगीर, पिन ४३१५१७. मी तसाच उतरवला. सोमवारी बुकिंग केलं, मेसेज पाठवला. बुधवारी सकाळी दादांचा फोन. “ताई, हे अंबाजोगाई दाखवतंय. तिथं आमचं कुणीच नाही.”

लिंक उघडली तर खरंच `Item Received`, पुढं Ambajogai. छाटणीचं केंद्र नव्हे, वाटपाचं ऑफिस. पावती काढली. त्यावर माझ्याच डोळ्यांसमोर छापलेलं होतं: अंबाजोगाई. पावतीवर पोहोचायच्या ऑफिसचं नाव पिनवरून येतं. सोमवारी काउंटरवरच ती ओळ वाचली असती तर तिथंच थांबलं असतं.

उदगीरचा पिन ४१३५१७. अंबाजोगाईचा ४३१५१७. पत्ता टाइप करताना १ आणि ३ यांनी जागा बदलल्या, एवढंच. एक गाव लातूर जिल्ह्यात कर्नाटकाच्या सीमेला, दुसरं बीड जिल्ह्यात.

आपल्या मराठवाड्यात ही चूक फार सोपी आहे. पिनचे पहिले तीन आकडे छाटणीचा जिल्हा सांगतात, शेवटचे तीन वाटपाचं ऑफिस. लातूर नि धाराशिव ४१३ मध्ये, सोलापूरच्या जोडीनं. संभाजीनगर, जालना, परभणी, हिंगोली, नांदेड आणि बीडचा बराचसा भाग ४३१ मध्ये. तेच तीन आकडे, क्रम निराळा. आणि उलटा केलेला पिनही खराच निघू शकतो. लातूर शहराचा ४१३५१२, तो उलटला की ४३१५१२, म्हणजे हिंगोली जिल्ह्यातलं वसमत. स्पीड पोस्टच्या नंबरात असा घोळ झाला असता तर शेवटच्या आकड्यानं बहुधा पकडला असता. पिनमध्ये सहाच्या सहा आकडे गावालाच लागतात, पहाऱ्याला एकही उरत नाही. छाटणीवाला आकडे वाचतो, गावाचं नाव वाचत बसत नाही, आणि ते बरोबरही आहे.

पुढं काय झालं? अंबाजोगाईच्या पोस्टमननं पत्त्यात उदगीर वाचलं आणि पार्सल पुढं लावलं. मी परभणीच्या काउंटरला जाऊन बरोबर पिन सांगून ठेवला, त्याचा किती उपयोग झाला देव जाणे. गुरुवारी अंबाजोगाईहून `Item Bagged` आणि `Item Dispatched` आलं, शुक्रवारी दिवसभर काही नाही, शनिवारी सकाळी उदगीर, दुपारी पोहोचलं. तीन दिवसांच्या जागी पाच. खोक्यावर गाव नीट मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं म्हणून निभावलं. नुसती गल्ली नि पिन असता तर अंबाजोगाईत ती गल्ली शोधून पार्सल ‘पत्ता सापडत नाही’ म्हणून माझ्याकडं परत आलं असतं.

तेव्हापासून मी पावती हातात आली की छापलेलं गाव मोठ्यानं वाचते. काउंटरवरच्या बाईंना सवय झालीय. पावतीचा फोटो मी तुम्हाला पाठवते तोही त्यासाठीच. तुम्हीही आधी गावाचं नाव बघा, मग नंबर.

`Out for Delivery` सकाळी आलं, संध्याकाळ झाली तरी पोस्टमन नाही.

सकाळी पोस्टमन आपलं टपाल ताब्यात घेतो तेव्हा ही ओळ येते. त्याच्या पिशवीत तुमच्यासारखी बरीच घरं असतात आणि त्याची वाट ठरलेली असते. शहरात बहुधा त्याच दिवशी येतं. नाही आलं तर संध्याकाळी तो पार्सल परत ऑफिसात जमा करतो आणि कारण नोंदवतो. ते कारण रात्रीपर्यंत दिसतं.

खेड्याची गोष्ट वेगळी. तालुक्याच्या SO मधून टपाल गावच्या BO ला जातं, आणि तिथले ग्रामीण डाकसेवक दिवसातून चार-पाच तासच कामावर असतात. तालुक्याला पार्सल दिसलं तरी गावात यायला अजून एक दिवस धरा. खेड्यात एक फायदा मात्र आहे: डाकसेवक गावातलाच असतो, त्याला फोन केला तरी काम होतं.

`Item Onhold` किंवा `Door Locked` आलं. आता काय करायचं?

दार बंद होतं, म्हणजे पोस्टमन येऊन गेला. पार्सल तुमच्या ऑफिसातच आहे. दुसऱ्या दिवशी तो बहुधा पुन्हा येतो. पण सगळे शेतावर किंवा नोकरीवर असाल तर वाट बघू नका, ओळखपत्र नि नंबर घेऊन सरळ ऑफिसात जा आणि घेऊन या. किती दिवस ठेवतील यावर विसंबू नका, दोन-तीन दिवसांतच जा. ठरलेली मुदत संपली की ते परतीला लागतं आणि मग काही करता येत नाही.

`Insufficient Address` किंवा `Addressee cannot be located` आलं तर पोस्टमनला घर सापडलं नाही. इथं वाट बघून काहीच होत नाही. त्याच दिवशी तुमच्या पोस्टात फोन करा किंवा जा, आणि खूण सांगा. मला कळवलंत तरी मी इथून तुमच्या गल्लीची खूण सांगू शकत नाही. पार्सलवर मोबाइल नंबर असतो, अनोळखी नंबरवरून फोन आला तर त्या दोन दिवसांत तरी उचला.

`Refused` आलं तर घरातल्या कुणीतरी नको म्हटलंय. हसू नका, हे नेहमी होतं. मुलानं पुण्याहून मागवलेलं असतं, आईला माहीत नसतं, आणि ती बिचारी ‘आम्ही काही मागवलं नाही’ म्हणून पोस्टमनला परत पाठवते. अशी फसवणूक चालते म्हटल्यावर तिचंही बरोबरच आहे. दुसऱ्याच्या घरी पाठवत असाल तर आधी एक फोन करून ठेवा.

`Item Delivered` दिसतंय, पण पार्सल मिळालंच नाही.

पहिल्यांदा घरात विचारा. मग शेजारी, घरमालक, खालचं दुकान, सोसायटीचा वॉचमन. दहातली बहुतेक पार्सलं इथंच सापडतात. एकदा तर आमचा डबा गिऱ्हाइकाच्या सासूबाईंनी घेऊन, उघडून, येसराची आमटी करून झाली होती. सूनबाई ऑफिसातून मला फोन करत होत्या.

तरीही नाही सापडलं तर डिलिव्हरी दाखवणारं ऑफिस कोणतं ते बघा आणि दुसऱ्याच दिवशी तिथं जा. कुणाच्या सहीनं दिलं याची नोंद त्यांच्याकडं असते. आठवडाभरानं गेलात तर पोस्टमनलाही आठवत नाही. ऑफिस तुमचं नसेलच, तर वरचा पिनचा किस्सा पुन्हा वाचा आणि मला पावतीसाठी फोन करा.

ओटीपी मागतात म्हणे. द्यायचा का?

ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टला ओटीपी घेऊन पार्सल द्यायची सोय आहे. ती पाठवणाऱ्यानं जास्तीचे पैसे भरून घेतली तरच असते. आम्ही घेतली असेल तर मेसेजमध्ये तसं लिहिते. ओटीपी द्यायचा तो दारात उभ्या असलेल्या पोस्टमनला, पार्सल समोर दिसत असताना. फोनवर कुणालाही नाही.

‘पत्ता अपुरा आहे, बारा तासांत लिंकवर अपडेट करा’ असा पोस्टाचा मेसेज आलाय.

तो पोस्टाचा नाही. तुमचं पार्सल गोदामात आलंय, दोनदा प्रयत्न केला, पत्ता अपुरा आहे, इतक्या तासांत लिंक उघडा नाहीतर परत जाईल, अशा चालीचे मेसेज बरेच दिवस फिरतायत. केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकनं ते खोटे असल्याचं सांगितलंय. लिंक उघडली की पत्ता विचारतात आणि मग ‘पुन्हा डिलिव्हरीचे’ किरकोळ पैसे कार्डानं भरायला लावतात. ते किरकोळ पैसे त्यांना नकोच असतात, कार्डाची माहिती हवी असते.

ओळखायचं कसं? खरी साइट indiapost.gov.in वर संपते. त्याच्या मागं-पुढं डॅश, जादा शब्द, .top, .com काहीही लागलं की ती दुसऱ्याची. आणि मेसेजवर विश्वास ठेवायच्या ऐवजी माझ्या मेसेजमधला नंबर खऱ्या साइटवर टाकून बघा. तिथं `Insufficient Address` नसेल तर तुमचा पत्ता कुणालाही अपुरा वाटलेला नाही. आमच्याकडून पाठवलेल्या स्पीड पोस्टला दारात एक रुपयाही द्यावा लागत नाही.

पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० ला फोन करा, मग बँकेला. पहिला तास-दोन तास फार मोलाचे असतात. मला नंतर सांगा, मी काही रागवत नाही.

उशीर झाला तर तक्रार कुणी करायची?

मी करते. बुकिंगची पावती माझ्याकडं असते आणि पाठवणारी मी आहे. पोस्टाचा फुकट नंबर १८०० २६६ ६८६८, आणि साइटवरही तक्रार नोंदवता येते. तक्रारीत नंबर, बुकिंगची तारीख, दोन्हीकडचे पिन आणि शेवटची दिसलेली ओळ लागते. म्हणून मला फोन करताना ‘अजून आलंच नाही’ एवढंच न सांगता लिंकचा स्क्रीनशॉट पाठवा, शेवटच्या ओळीतलं ऑफिसचं नाव दिसेल असा. अर्धं काम तिथंच होतं.

पार्सल परत तुमच्याकडं आलं तर पैसे बुडाले का?

`Item Returned` किंवा परतीची ओळ दिसली की तेच पार्सल त्याच नंबरानं परभणीला यायला लागतं, आणि ओळी उलट्या क्रमानं दिसतात. ती बघून ‘पुन्हा निघालं वाटतं’ असा गैरसमज होतो. ते तुमच्याकडं येत नसतं. माझ्या हातात आलं की मी पाकीट बघते. सील शाबूत असेल तर बरोबर पत्ता घेऊन पुन्हा पाठवते, नवा नंबर देते. माझ्याकडून पत्ता चुकला असेल तर दुसऱ्यांदाचं टपाल माझं, तुमच्याकडून चुकला असेल तर निम्मं-निम्मं. चटणीचं पाकीट मात्र परत आलेलं मी पुढं पाठवत नाही, ते आमच्या घरी खपतं, तुम्हाला ताजी करून देते.